वर्षाचा करार की लागेल तेव्हा फवारणी: आमच्या ओट्याखालचा तीन वर्षांचा हिशेब

आमच्याकडे हिशेबाची वही अजून आहे. मार्च 2024 मध्ये वर्षअखेरीची बेरीज करताना त्या वहीत ‘पे. कं.’, म्हणजे पेस्ट कंट्रोल, अशी नोंद मला चार वेळा सापडली. जूनमध्ये 1,100, ऑगस्टमध्ये परत 1,100, नोव्हेंबरमध्ये 900, फेब्रुवारीत 1,400. किराणाच्या यादीत दडलेले झुरळांच्या स्प्रेचे पाच डबे निघाले, त्यांचे साधारण 1,100. म्हणजे वर्षाला 5,600 रुपये झुरळांवर घालवले होते आणि त्याच रात्री पाणी प्यायला उठले तर ओट्यावर सात-आठ जणांची सभा भरलेली होती. दिवा लावला की मिक्सरच्या मागे पसार.

पुण्यात कर्वेनगरला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. इमारत वीस वर्षांची. स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी, तिच्या मागे पाइपांची डक्ट, आणि ती डक्ट तळमजल्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत सगळ्यांची एकच. तेव्हा या डक्टचा मी फारसा विचार केला नव्हता. नवरा म्हणाला, “एवढे पैसे जातातच आहेत तर वर्षाचा करार करून टाकू, कटकट मिटेल.” सासूबाईंचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते बोरिक पावडर, कणीक, साखर आणि दूध यांच्या गोळ्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या की झालं. हा उपाय खोटा नाही, हे मला नंतर कळलं. बोरिक खाल्लेलं झुरळ मरतं, पण वेळ लागतो, आणि गोळी दमट झाली किंवा बुरशी आली की तिला कोणी विचारत नाही.

करार घ्यायच्या आधी मला एकच गोष्ट समजून घ्यायची होती. चार वेळा माणूस येऊन गेला, चारही वेळा चार दिवस घर शांत झालं, मग सगळं पुन्हा का सुरू झालं?

पहिले तिघे फवारणीवाले होते. पाठीला पंप, सिंकखाली, फ्रिजमागे, बाथरूमच्या जाळीवर फवारा, पंधरा मिनिटांत काम संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी केरसुणीने गोळा करावी लागतील इतकी झुरळं मेलेली. ते दृश्य बघून पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, आणि गंमत अशी की फसगत तिथेच होते. आमच्या ओट्यावरची झुरळं म्हणजे गटारातून येणारी ती मोठी, लालसर, उडणारी नव्हेत. ही लहान, जेमतेम अर्धा इंच, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या समांतर रेघा असलेली. यांना जर्मन झुरळ म्हणतात. मोठं झुरळ चेंबरमध्ये राहतं आणि पावसाळ्यात पाणी चढलं की वर येतं. हे लहान झुरळ मात्र तुमच्या घरातच जन्मतं, ट्रॉलीच्या बिजागरीत, फ्रिजच्या मोटरजवळच्या उबेत, गॅस शेगडीच्या खाली, आणि बहुतेक तिथेच मरतं.

याची मादी अंड्यांची कुपी पोटाला लावूनच हिंडते. एका कुपीत तीस-चाळीस अंडी. साधारण तीन ते चार आठवडे ती कुपी बाळगते आणि पिल्लं बाहेर पडायच्या आदल्या दिवशी वगैरे ती खाली टाकते. फवारा आतल्या अंड्यांपर्यंत पोहोचत नाही. मादी मेली तरी कुपी भरत आलेली असेल तर पिल्लं निघतात. शिवाय अशी मादी फारशी बाहेर पडत नाही, फटीत दडून बसते, त्यामुळे मुळात फवाऱ्याखाली सापडतच नाही. म्हणजे फवारणी झाली की बाहेर हिंडणारी झुरळं मरतात, तीन आठवड्यांनी नवी पिल्लं निघतात, आणि आपल्याकडच्या उष्ण स्वयंपाकघरात दोन-अडीच महिन्यांत ती अंडी घालण्याच्या वयाची होतात. जून, ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी. माझ्या वहीतल्या तारखा म्हणजे झुरळांच्या पिढ्यांचं वेळापत्रकच होतं. प्रत्येक पिढी वयात आली की मी फोन करत होते.

हे कळल्यावर मी तीन ठिकाणी वार्षिक कराराची चौकशी केली. नावं सांगत नाही, कारण दोघांबद्दल चांगलं सांगण्यासारखं काही नाही.

पहिल्याने फोनवरच 2,400 रुपये सांगितले. वर्षाला चार वेळा येणार, “फुल गॅरंटी”, बिल हवं असेल तर वर कर. कोणतं औषध म्हटलं तर “हर्बल आहे मॅडम, काही वास नाही.” हा हर्बल शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. जेलला वास नसतो म्हणून त्याला सर्रास हर्बल म्हणून विकलं जातं. प्रत्यक्षात त्या जेलमध्ये बहुतेक वेळा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं, आणि ही दोन्ही अस्सल कीटकनाशकं आहेत. त्यात वाईट काही नाही, प्रमाण फार कमी असतं, पण मग तसं सांगा ना.

दुसऱ्या कंपनीचा माणूस घरी आला, घर बघितलं, छापील कागद दिला. 5,500 अधिक 18 टक्के जीएसटी. दर तीन महिन्यांनी एक भेट. कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ढेकूण, वाळवी, उंदीर, डास यांचा समावेश नाही असं होतं. यातला वाळवीचा खर्च बाकी सगळ्यांपेक्षा किती तरी मोठा असतो, आणि “वर्षाचं पेस्ट कंट्रोल” म्हटल्यावर आपण मनात सगळंच धरतो. मागची बाजू वाचायचीच.

तिसरी एक छोटी कंपनी होती. मालक स्वतः बॅटरी घेऊन आले. त्यांनी ओट्याखालचे ड्रॉवर चॅनलवरून पूर्ण बाहेर काढायला लावले, जे आजवर कोणी केलं नव्हतं. बिजागरीजवळ मिरपूड सांडल्यासारखे काळे कण होते. “ही विष्ठा. जिथे हे कण, तिथे बिऱ्हाड. बाकी घरात फवारून उपयोग नाही,” ते म्हणाले. त्यांचा भाव 4,800 अधिक कर, भेटी चार, दर तिमाहीला एक.

मी म्हटलं, “काका, चार भेटी मान्य. पण तीन महिन्यांचं अंतर म्हणजे यांची एक अख्खी पिढी. पहिली झाल्यावर तीन महिन्यांनी येऊन तुम्ही काय करणार, नव्या पिढीची ओळख?”

ते हसले. म्हणाले, “खरं आहे. पण ऑफिसला तिमाही सोपी पडते. माणसांची ड्यूटी लावता येते.”

त्यांनी इतक्या सरळ सांगितलं म्हणूनच बोलणं पुढे गेलं. शेवटी ठरलं ते असं: भेटी चारच, पण पहिली झाल्यावर दुसरी पंधरा दिवसांनी, तिसरी पहिलीपासून पंचेचाळीस दिवसांनी आणि चौथी सहाव्या महिन्यात. मध्ये तक्रार आली तर दोन दिवसांत मोफत येणार, हे तोंडी नाही, करारावर हाताने लिहून सहीसकट. बिलावर औषधाचं नाव, प्रमाण आणि कंपनीचा परवाना क्रमांक. कीटकनाशक कायदा 1968 चा आहे आणि हा धंदा करायला त्याखाली परवाना लागतो. पहिल्या फोनवाल्याला मी तो विचारला तेव्हा त्याने “पाठवतो” म्हणून जे फोन ठेवला तो ठेवलाच. पैसे अर्धे आधी, अर्धे दुसऱ्या भेटीनंतर. घासाघीस करून 4,200 वर आले, कर 756, एकूण 4,956.

आता परिणाम मोजायचा कसा हा प्रश्न होता. “कमी झाल्यासारखी वाटतात” यावर माझा विश्वास नव्हता, कारण मागच्या वर्षी चार वेळा तसंच वाटलं होतं. मालकांनीच चिकट सापळ्यांचं सुचवलं. पुठ्ठ्याचा घडीचा तुकडा, आत गोंद. चार सापळे घेतले: सिंकखाली, फ्रिजमागे, गॅसच्या ट्रॉलीत आणि ड्राय बाल्कनीच्या दाराशी. सापळ्याने झुरळं संपत नाहीत, त्याचं काम मोजणीचं. आठवडाभर एकाच जागी ठेवायचा, मोजायचं, तारीख टाकायची. काम सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात चारही मिळून 61 झुरळं चिकटली. त्यांतली 38 एकट्या गॅसच्या ट्रॉलीत. बाल्कनीच्या दाराशी नऊ, आणि हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरला.

पहिल्या भेटीला आलेला मुलगा पाऊण तास होता. त्याने ट्रॉल्या सगळ्या रिकाम्या करवल्या, ओटा आणि ट्रॉलीचे कोपरे आदल्या दिवशी मी साबणाने पुसून ठेवले होते. तेलकट थरावर जेल धरत नाही, आणि खरकटं मिळत असेल तर झुरळ जेलकडे कशाला जाईल? मुगाच्या दाण्याएवढे ठिपके, प्रत्येक बिजागरीत, चॅनलच्या खाचेत, फ्रिजच्या मागच्या पत्र्याच्या कडेला, सिंकच्या पाइपाभोवतीच्या फटीत. मी मोजले, सत्तरच्या आसपास भरले. मागच्या फेब्रुवारीत 1,400 घेऊन गेलेल्या माणसानेही जेलच लावलं होतं. त्याचे ठिपके मला आठवतात, पंधरा-वीस असतील, आणि तेही दिसतील अशा जागी, ओट्याच्या कडेला. गिऱ्हाइकाला दिसावेत म्हणून लावलेले.

जेलची युक्ती फवाऱ्याच्या उलट आहे. झुरळ ते खातं, लगेच मरत नाही, बिळात परत जातं आणि तिथे मरतं. लहान पिल्लं बिळाबाहेर फारशी येत नाहीत, ती मोठ्यांची विष्ठा आणि मेलेलं झुरळ खातात, आणि औषध त्यांच्यापर्यंत तसं पोहोचतं. फवाऱ्याने हे होत नाही. म्हणून जेलनंतर सकाळी केरसुणीत काही येत नाही. उलट दोन-तीन दिवस झुरळं दिवसाउजेडी, झिंगल्यासारखी हिंडताना दिसतात. सासूबाई घाबरल्या, “अगं, ही तर वाढली!” मी कामावर होते. त्यांनी माळ्यावरचा जुना स्प्रेचा डबा काढला आणि सगळ्या ट्रॉल्यांवर मारला.

यात त्यांची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. पण बहुतेक घरगुती स्प्रेमधलं औषध झुरळांना दूर पळवणारं असतं. जेलवर किंवा जेलच्या शेजारी ते पडलं की झुरळ त्या ठिपक्याच्या वाटेला जात नाही. म्हणजे सत्तरांतले निम्मे ठिपके वाया गेले. मी फोन केला, घडलं ते खरंखरं सांगितलं. तो मुलगा तिसऱ्या दिवशी आला, पत्रे ओल्या फडक्याने पुसायला लावले आणि पुन्हा ठिपके दिले. “ताई, याचे पैसे नाहीत, करारात आहे. पण डबा मला द्या, मी घेऊन जातो,” म्हणाला. दिला. करारातल्या त्या हाताने लिहिलेल्या ओळीची किंमत मला त्या दिवशी कळली. सुटं काम असतं तर आणखी 1,400 गेले असते, किंवा खरं तर मी बोलावलंच नसतं आणि जेल काही कामाचं नाही असं ठरवून मोकळी झाले असते.

आकडे असे उतरले. दुसऱ्या भेटीच्या वेळी 22. पंचेचाळीस दिवसांनी तिसऱ्या भेटीच्या आधी पाच. त्या पाचांतली चार ड्राय बाल्कनीच्या दाराशी. गॅसच्या ट्रॉलीत शून्य.

दुसरी भेट पंधरा दिवसांनी का हवी होती, हे तेव्हा प्रत्यक्ष दिसलं. आधीच्या बावीसांत मोठी दोनच, बाकी सगळी तांदळाच्या दाण्याहून लहान पिल्लं. म्हणजे कुप्या फुटल्या होत्या. पहिले ठिपके बरेचसे खाऊन संपले होते किंवा वाळून कडक झाले होते. त्या मुलाने सुईने टोकरून दाखवलं, वाळलेला ठिपका खडूसारखा तुटतो, त्याला कोणी तोंड लावत नाही. ताजे ठिपके पडले ते नेमके या पिल्लांसाठी. तिमाहीची वाट बघितली असती तर तोवर हीच पिल्लं अंडी घेऊन हिंडली असती.

आता बाल्कनीच्या दारातली चार. तिसऱ्या भेटीला मालक स्वतः आले होते. त्यांनी डक्टची खिडकी उघडून बॅटरी मारली आणि मला बोलावलं. पाइप जिथे भिंतीतून आत येतो तिथे सिमेंट निघालेलं होतं, दोन बोटं जातील एवढी फट. पलीकडे खालच्या मजल्याच्या पाइपावर तसेच मिरपुडीसारखे कण. “तुमचं घर साफ झालं. हे पाहुणे खालचे,” ते म्हणाले. फट बुजवायला प्लंबरने पांढरं सिमेंट आणि मजुरी मिळून 350 घेतले. पेस्ट कंट्रोलच्या तीन वर्षांच्या सगळ्या खर्चात सर्वांत उपयोगी पडलेले साडेतीनशे रुपये हेच, आणि ते ना सुट्या भेटीत बसतात ना करारात. फट बुजवणं त्यांचं काम नाही. मी तर म्हणते, फटी बुजल्या तर त्यांचं कामच कमी होईल. पण दाखवली त्यांनीच, हे मान्य करायला हवं.

खालच्या काकूंशी मी बोलले. नाजूक विषय. कोणाच्या घरात झुरळं आहेत म्हणणं म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरावर बोट ठेवणं. मी आमच्याकडून सुरुवात केली, आमच्या 61 चा आकडा सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं मग आमच्याकडे शंभर असतील.” त्यांनी आणि वरच्या मजल्यावरच्यांनी मिळून त्याच कंपनीकडून काम करून घेतलं. एकाच दिवशी दोन घरं म्हणून प्रत्येकी हजारात झालं. त्यानंतरच्या महिन्यात आमच्या चारही सापळ्यांत मिळून एक.

हे प्रयोगशाळेतलं मोजमाप नाही, याची मला जाणीव आहे. पहिल्या वर्षी मी सापळे लावले नव्हते, त्यामुळे सुट्या फवारणीनंतरचे आकडे माझ्याकडे नाहीत, आणि दुसऱ्या वर्षी औषध, वेळापत्रक, फट आणि शेजारी असं सगळंच एकदम बदललं. करारामुळे झुरळं गेली असं मी म्हणणार नाही. पंधरा दिवसांची दुसरी भेट आणि फुकटची फेरी यांमुळे गेली, आणि या दोन्ही गोष्टी मला करारातच मिळाल्या. सुट्या कामातही मागता आल्या असत्या. नोव्हेंबरच्या 900 वाल्याला “पंधरा दिवसांनी परत याल का, दोन्हींचे मिळून 1,500 देते” असं म्हटलं असतं तर तो कदाचित आलाही असता. मला विचारायचं सुचलं नाही.

कराराचं वर्ष संपण्याआधी एक वेगळंच प्रकरण झालं. जानेवारी 2025 मध्ये भाचा हॉस्टेलवरून चार दिवस राहायला आला आणि त्याच्या बॅगेतून ढेकूण आले. करारात ढेकूण नव्हते, हे मला माहीत होतं, म्हणून वाद घातला नाही. वेगळे 2,200 दिले, त्यात दोन भेटी, बारा दिवसांच्या अंतराने. ढेकणाच्या अंड्यांतून आठवडा-दहा दिवसांत पिल्लं निघतात, त्यामुळे तिथे एका भेटीत काम करतो म्हणणारा माणूस आला तर त्याला दारातूनच परत पाठवावं. गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, प्लायवूडच्या कडा, सगळं उघडून फवारलं. चादरी गरम पाण्यात, बॅग काळ्या पिशवीत बांधून ठेवली. दुसऱ्या भेटीनंतर पुन्हा दिसले नाहीत. अशा कामाला वर्षाचा करार कशाला हवा? ढेकूण बहुतेक वेळा सामानातून येतात, आणि एकदा नीट घालवले की सहसा पुन्हा कोणी आणेपर्यंत येत नाहीत.

मार्च 2025 मध्ये कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. मालक नव्हते, एक मुलगी होती. नूतनीकरण, 4,500 अधिक कर, जुने गिऱ्हाईक म्हणून सवलत. मी वही उघडली. शेवटच्या सहा महिन्यांत सापळ्यांत एकूण तीन झुरळं, त्यांतली दोन मोठी गटारातली, पावसात बाथरूमच्या जाळीतून आलेली. चौथी भेट झाली होती ती केवळ ठरलेली होती म्हणून. तो मुलगा आला, दहा-बारा ठिपके दिले, चहा प्यायला आणि म्हणाला, “ताई, लावायला जागाच नाही.”

मी नूतनीकरण केलं नाही. त्याऐवजी विचारलं, सुटी भेट कितीला? 1,200, करासकट. तसं ठरलं की गरज पडली तर दोन भेटी, पंधरा दिवसांच्या अंतराने, 2,000 मध्ये. शिवाय मी स्वतः जेलची एक ट्यूब आणली, साडेतीनशेची, आणि सापळ्यांचं एक पाकीट. मागच्या वेळेपेक्षा वेगळ्या औषधाची ट्यूब घ्या, हे मालकांनी फोनवर आवर्जून सांगितलं. एकाच जेलवर पिढ्यानपिढ्या राहिलेली झुरळं त्याला दाद देईनाशी होतात, काही तर त्यातल्या गोडाकडे फिरकतही नाहीत. आधीचं फिप्रोनिलचं होतं, म्हणून इमिडाक्लोप्रिडचं आणलं. दर दोन महिन्यांनी रविवारी सिंकखाली आणि गॅसच्या ट्रॉलीत आठ-दहा ठिपके, जुने खरवडून. वीस मिनिटांचं काम आहे. लहान मूल किंवा मांजर घरात असेल तर मी हे सुचवणार नाही, किंवा निदान ठिपके बिजागरीच्या आतच द्यावेत, जिथे बोट पोहोचत नाही.

तिसऱ्या वर्षाचा खर्च मार्च 2026 पर्यंत असा झाला: ट्यूब आणि सापळे मिळून 600, सप्टेंबरमधली एक सुटी भेट 1,200. ती भेटही खरं तर माझ्या घाईमुळे. सिंकखालच्या सापळ्यात एका आठवड्यात तीन पिल्लं दिसली आणि मी फोन केला. नंतर कळलं की ती किराणा मालाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली असावीत, कारण ते खोकं मी दोन आठवडे सिंकखालीच ठेवलं होतं. आता खोकी दारातच रिकामी होतात. पहिल्या वर्षी 5,600 आणि झुरळं तशीच, दुसऱ्या वर्षी करार 4,956 आणि फट 350, तिसऱ्या वर्षी 1,800. पहिल्या दोन वर्षांत पैशांचा फरक जवळजवळ काहीच नाही.

ऑफिसातली एक मैत्रीण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, खाली हॉटेल आहे. तिला मी करारच घे म्हटलं. तिच्या बाबतीत झुरळं संपणारच नाहीत, हॉटेलच्या भटारखान्यातून रोज नवी येणार, आणि फुकटच्या फेऱ्या ती पुरेपूर वसूल करेल. तिने घेतला, वर्षात सहा वेळा बोलावलं. कंपनीला ते वर्ष महागात पडलं असणार. तिला पुढच्या वर्षी भाव वाढवून सांगितला आहे.

सापळ्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यांत पाली अडकतात. एकदा बोटभर पाल जिवंत चिकटलेली सापडली. थोडं गोडं तेल सोडलं की गोंद सुटतो आणि ती निघते. तेव्हापासून बाल्कनीच्या दारातला सापळा मी रात्रीच लावते आणि सकाळी उचलते.

परवा चौथ्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. आमच्या बरोबर वर, त्याच डक्टवर. सामान लिफ्टने चढत होतं, मी खाली भाजी घेऊन उभी. एक जुना फ्रिज होता, मागचा पत्रा उघडा. हमालाने तो टेकवला तेव्हा मोटरच्या बाजूने फिकट तपकिरी असं काहीतरी सरकन आत गेलं. मी काही बोलले नाही, नव्या माणसांना पहिल्याच दिवशी काय सांगणार. घरी आले, चार नवे सापळे काढले, तारीख टाकली आणि डक्टच्या पाइपाभोवतीचं सिमेंट बोटाने दाबून बघितलं. घट्ट आहे.